दंड, पूर्णविराम, अवतरणचिन्हे आणि त्यांच्या भोवतीची मोकळी जागा

अभंगांच्या संग्रहात किंवा आरतीच्या पुस्तिकेत एखादी ओळ शब्दाने सुरू न होता एकट्या दंडाने सुरू झालेली अनेकांनी पाहिली असेल. चरण वरच्या ओळीत संपलेला असतो आणि तो संपल्याची खूण मात्र खालच्या ओळीच्या तोंडाशी येते. हा दोष अक्षर जुळवणाऱ्याच्या नजरेतून सुटतो, कारण त्याने मजकूर टंकित केला तेव्हा सगळे एकाच ओळीत होते. पुढे पानाची रुंदी बदलली, अक्षराचा आकार बदलला किंवा तोच मजकूर फोनच्या अरुंद पडद्यावर गेला, आणि संगणकाने ओळ नेमकी दंडाच्या आधी तोडली. तिथे ती तोडण्याची परवानगी त्याला टंकलेखकानेच दिली होती.

स्पेसबार दाबल्याने दोन शब्दांत अंतर पडते एवढेच आपण सहसा धरून चालतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र साधी मोकळी जागा म्हणजे आणखी दोन सूचना असतात: गरज पडल्यास ओळ येथे तोडावी, आणि दोन्ही कडा सरळ करायच्या असल्यास येथील अंतर ताणावे. विरामचिन्हांच्या आजूबाजूला जागा सोडावी की नाही, याचे बहुतेक नियम या दोन सूचनांवरून आपोआप निघतात. जे चिन्ह मागच्या शब्दाचे आहे, त्याच्या आणि त्या शब्दाच्या मधे साधी मोकळी जागा असू नये. जे पुढच्या शब्दाचे आहे, त्याच्या पुढे ती असू नये.

मराठी गद्यात वाक्याच्या शेवटी टिंब येते आणि हिंदी गद्यात दंड येतो, हा फरक छापखान्यांच्या काळात रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत आणली आणि पाठ्यपुस्तकांतून ती स्थिरावली. दंड त्यामुळे हद्दपार झाला नाही. ओवी, अभंग, श्लोक आणि आरती यांत त्याचे काम अबाधित राहिले. म्हणून मराठी मजकूर जुळवणाऱ्याला दोन्ही चिन्हे सांभाळावी लागतात, आणि दोघांचे शिष्टाचार वेगळे आहेत.

पूर्णविरामाचा शिष्टाचार सोपा आहे. टिंबाच्या आधी काहीही अंतर नाही आणि नंतर एकच मोकळी जागा. टंकयंत्राच्या काळात वाक्यानंतर दोनदा स्पेसबार दाबण्याची सवय होती. आजच्या फाँटमध्ये तिची गरज नाही, आणि कडा सरळ केलेल्या परिच्छेदात त्या दोन्ही जागा ताणल्या जाऊन मजकुरात भोके दिसतात. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांनाही हेच लागू होते. ‘आला , गेला’ किंवा ‘का ?’ असे लिहिण्याची मराठीतील सवय इतकी पसरली आहे की काहींना ती शैलीच वाटते, पण तिला शैली म्हणता येत नाही, कारण ते प्रश्नचिन्ह पुढच्या ओळीत ढकलले जाण्याचा धोका त्या एका स्पेसमुळेच तयार होतो.

टिंबाची खरी परीक्षा वाक्याच्या शेवटी होत नाही, ती संक्षेपांत होते. ‘म. गो. रानडे’ या नावात दोन टिंबांनंतर जागा हवी, कारण ‘म.गो.रानडे’ हे वाचायला दाटते. पण ती साधी जागा असेल तर ‘म.’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘गो. रानडे’ पुढच्या ओळीत अशी फारकत होते. येथे न तुटणारी जागा, म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, वापरायची असते. तिचा युनिकोड क्रमांक U+00A0 आहे आणि वर्डमध्ये ती Ctrl+Shift+Space या कळांनी उमटते. दिसायला ती नेहमीच्या जागेसारखीच असते, फक्त तिथे ओळ तुटत नाही. ‘इ. स. १९४७’, ‘डॉ.’ आणि त्यापुढचे आडनाव, ‘पृ. ४२’, ‘रु. ५००’ या सर्व ठिकाणी तीच योग्य. याउलट ‘सकाळी ५.३०’ किंवा ‘३.५ किलो’ यांतील टिंबाच्या पुढे जागा सोडायची नसते, कारण ते टिंब आकड्याच्या पोटातले आहे. ‘टिंबानंतर जागा घाला’ असा सरसकट बदल आदेश देणारे नेमके येथेच फसतात आणि पुस्तकभर ‘५. ३०’ छापून येते.

दंडाच्या बाबतीत एक अडचण वेगळी आहे. त्याचा आकार उभ्या रेघेचा असल्यामुळे तो देवनागरीतील कान्याशी आणि म, न, त, प यांसारख्या अक्षरांच्या उजव्या दांडीशी मिळताजुळता आहे. शिरोरेषा नसते एवढाच फरक. ‘राम’ या शब्दाला अगदी चिकटून दंड आला तर लहान आकारात आणि विशेषतः ठळक अक्षरांत नजर क्षणभर ‘रामा’ वाचू पाहते. म्हणून श्लोक छापताना दंडाच्या आधी किंचित मोकळीक ठेवण्याची पद्धत पडली, आणि ती योग्यच होती. खिळे जुळवण्याच्या काळात जुळारी तिथे धातूची बारीक पट्टी घालत असे. ती पट्टी म्हणजे शब्दांमधले पूर्ण अंतर नव्हते आणि तिथे ओळही आपोआप तुटत नव्हती, कारण ओळ कुठे संपवायची हे जुळाऱ्याच्या हातात होते. आपण संगणकावर ते अंतर डोळ्यांनी पाहिले, स्पेसबारने त्याची नक्कल केली आणि अंतराबरोबर ओळ तोडण्याची परवानगीही नकळत देऊन बसलो.

युनिकोडच्या ओळ तोडण्याच्या नियमांत दंडाला ‘ज्याच्या नंतर ओळ तुटू शकते’ अशा गटात ठेवले आहे. म्हणजे शब्दाला चिकटलेल्या दंडाच्या आधी ओळ तुटत नाही. साधी स्पेस मधे आली की मात्र हे संरक्षण संपते. हिंदी गद्यासाठी आजची सोयीची पद्धत म्हणजे दंड शब्दाला चिकटवून टंकित करणे, कारण चांगल्या फाँटमध्ये दंडाच्या डाव्या अंगाला आवश्यक ती मोकळीक आकारातच ठेवलेली असते. पद्यात थोडे जास्त अंतर शोभते, आणि तिथे अरुंद न तुटणारी जागा वापरावी. तिचा क्रमांक U+202F आहे. शब्दांमधली नेहमीची जागा साधारणपणे अक्षराच्या आकाराच्या पाव भागाइतकी, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षरात ३ पॉइंटच्या आसपास असते. ही अरुंद जागा त्याहून कमी, सुमारे २ पॉइंट भरते. जुन्या फाँटमध्ये हे चिन्ह नसल्यास तिथे चौकोन दिसू शकतो किंवा दुसऱ्याच फाँटमधली जागा येऊ शकते, म्हणून एका पानावर तपासून मगच सगळीकडे घालावी. ते जमत नसेल तर U+00A0 चालेल, मात्र काही कार्यक्रमांत कडा सरळ करताना ती जागाही ताणली जाते आणि दंड शब्दापासून दूर सरकतो.

दंडाच्या नंतरची जागा मात्र साधीच हवी, कारण चरण संपल्यावर ओळ तुटली तर काहीच बिघडत नाही.

जोडदंड म्हणजे दोन दंड शेजारी शेजारी नव्हेत. त्याला U+0965 हा स्वतंत्र क्रमांक आहे आणि त्यातील दोन रेघांमधले अंतर फाँट घडवणाऱ्याने ठरवलेले असते. दोन सुटे दंड टंकित केले की ते अंतर विस्कळीत होते, आणि ग्रंथात जोडदंड शोधू गेल्यास असे कडवे सापडत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ. ती फाँटच्या लॅटिन भागातून येत असल्याने बहुधा बारीक असते आणि अक्षरांच्या वर व खाली लोंबते. इन्स्क्रिप्टच्या मूळ आराखड्यात दंड शिफ्टसह टिंबाच्या कळीवर दिलेला आहे, तेव्हा ही रेघ वापरण्याचे कारण बहुतेकदा माहितीचा अभाव एवढेच असते. कडव्याचा क्रमांक दोन जोडदंडांच्या मधे जागा न सोडता लिहावा, ॥१॥ असा. जागा सोडायचीच असेल तर दोन्हीकडे न तुटणारी सोडावी, नाहीतर क्रमांक एकीकडे आणि त्याचा दुसरा जोडदंड दुसरीकडे जातो. जुन्या हिशेबवह्यांत ‘५।’ म्हणजे सव्वापाच आणि ‘५॥’ म्हणजे साडेपाच असे, त्यामुळे क्रमांकाच्या एकाच बाजूला जोडदंड ठेवणारी मांडणी दप्तरी कागद वाचणाऱ्याला आजही गोंधळात टाकते.

अवतरणचिन्हांची दुर्दशा कळफलकापासून सुरू होते. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजीतील अवतरणाच्या कळीवर ‘ट’ आणि शिफ्टसह ‘ठ’ बसवलेले आहेत. साहजिकच टंकलेखक अवतरणासाठी इंग्रजी कळफलकावर जातो आणि सरळ, दिशाहीन चिन्ह उमटवून परत येतो. छापील मजकुरात उघडणारे आणि मिटणारे चिन्ह वेगळे असते: दुहेरीसाठी “ आणि ”, एकेरीसाठी ‘ आणि ’. दुहेरी चिन्ह म्हणून दोन एकेरी चिन्हे शेजारी ठेवण्याची चालही मराठीत फार आहे. ती जोडदंडाऐवजी दोन दंड घालण्यासारखीच चूक आहे आणि तिचे तोटेही तेच आहेत.

वर्डसारखा कार्यक्रम सरळ चिन्हाचे आपोआप वळणदार चिन्ह करतो, पण तो अर्थ वाचत नाही, फक्त मागचे चिन्ह पाहतो. मागे मोकळी जागा, उघडा कंस किंवा परिच्छेदाचा आरंभ असेल तर उघडणारे चिन्ह, नाहीतर मिटणारे. त्यामुळे स्वल्पविरामानंतर जागा न सोडता अवतरण सुरू केले तर संवाद मिटणाऱ्या चिन्हाने सुरू होतो, आणि मिटणाऱ्या चिन्हाच्या आधी चुकून जागा पडली तर संवाद उघडणाऱ्या चिन्हाने संपतो. जागेची चूक येथे चिन्हाची चूक बनते. डॅशला चिकटून सुरू होणारे अवतरणही असेच उलटे येते.

पूर्णविराम अवतरणाच्या आत की बाहेर, या प्रश्नावर इंग्रजीतले दोन पंथ मराठीत आणण्याचे कारण नाही, कारण मराठी वाक्यरचनाच उत्तर देते. आई म्हणाली, “उद्या येते.” येथे उद्गार स्वतः पूर्ण वाक्य आहे आणि त्यापुढे काही नाही, म्हणून टिंब आत. “उद्या येते” असे आई म्हणाली. येथे वाक्य ‘असे’ या शब्दाने पुढे चालू राहते, म्हणून आत टिंब नाही. प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह मात्र उद्गाराचेच असतात, त्यामुळे “येतेस का?” असे त्याने विचारले, हे बरोबर. एकेरी अवतरणातल्या सुट्या शब्दाने वाक्य संपत असेल तर टिंब बाहेर ठेवावे.

मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य इंग्रजी नियमपुस्तकांत सापडणार नाही. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नावाला चिकटतात, आणि नाव अवतरणात असले तरी चिकटतात. ‘विक्रांत’वर, ‘केसरी’ने, ‘केसरी’तील अशी रूपे जागा न सोडता लिहायची असतात. मिटणाऱ्या चिन्हानंतर सवयीने स्पेस दिली की ‘ने’ किंवा ‘त’ एकटाच पुढच्या ओळीच्या आरंभी जातो आणि वाचकाला मागे परतावे लागते. प्रत्यय अवतरणाच्या आत घेणे हाही उपाय नव्हे, कारण युद्धनौकेचे नाव ‘विक्रांतवर’ नाही.

आडव्या रेघांपैकी हायफन आपल्याला सर्वांत जवळचा. व्याकरणातले संयोगचिन्ह ते हेच: आई-वडील, ये-जा, देवाण-घेवाण. दोन्ही बाजूंना जागा नाही. हायफननंतर ओळ तुटू शकते आणि बहुधा तुटली तरी चालते, पण ‘अ-मराठी’ यासारख्या शब्दात ‘अ-’ एकटा ओळीच्या टोकाला लोंबू नये म्हणून न तुटणारा हायफन वापरता येतो. त्याचा क्रमांक U+2011. कालावधी आणि पानांचा विस्तार दाखवायला थोडी लांब रेघ, म्हणजे एन डॅश, वापरतात: १९४७–१९६०, पृ. १२–१८. तिच्याही बाजूंना जागा नको.

व्याकरणातले अपसारणचिन्ह, म्हणजे मधेच विचार तोडणारी किंवा स्पष्टीकरण जोडणारी रेघ, येथे मात्र मतभेद आहेत. कोणी लांब एम डॅश जागा न सोडता घालतात, कोणी एन डॅश दोन्हीकडे जागा सोडून. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. रोमन अक्षरांना डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे शब्दांना टेकलेला एम डॅश तिथे वेगळा उठून दिसतो. देवनागरीत शिरोरेषेची आडवी पट्टी ओळभर चाललेली असताना तिच्या खाली चिकटलेली दुसरी लांब आडवी रेघ निसटलेल्या शिरोरेषेसारखी भासते. थोडी मोकळीक दिली की तो भास जातो. मात्र डॅशच्या आधीची जागा न तुटणारी आणि नंतरची साधी ठेवावी, म्हणजे ओळ डॅशने सुरू होणार नाही. डॅश अक्षरांच्या मध्यापेक्षा खाली घसरलेला दिसत असेल तर बहुधा तो दुसऱ्या, लॅटिन फाँटमधून आलेला असतो. वर्डमध्ये देवनागरीला एक आणि लॅटिनला दुसरा फाँट लागू असल्यास टिंब, डॅश व अवतरणे अनेकदा दुसऱ्या फाँटची उमटतात. दोन्हीकडे एकच फाँट नेमला की हा प्रश्न मिटतो.

आता एक नमुना दुरुस्त करून पाहू. अभंग नमुन्यापुरता रचलेला आहे.

```
गुरुजी म्हणाले ,"हा अभंग इ.स.१९२०-२५ च्या सुमाराचा असावा" .नंतर
त्यांनी वहीतली तीन पाने -४० - ४२- उघडून तो वाचला .
सर आली ओली |माती सुगंधली |दारी सांज झाली |पावसाळी || १ ||
```

पहिला स्वल्पविराम ‘म्हणाले’ या शब्दाचा आहे, म्हणून तो मागे चिकटतो आणि जागा त्याच्या पुढे जाते. ती जागा आल्याबरोबर आपोआप वळण देणारी सोय अवतरण योग्य दिशेने उघडते. गुरुजींचे वाक्य पूर्ण आहे आणि पुढे ‘असे’ नाही, तेव्हा बाहेर पडलेले टिंब आत येते. ‘इ. स.’ आणि वर्ष न तुटणाऱ्या जागांनी बांधले जातात, वर्षांमध्ये एन डॅश येतो आणि ‘च्या’ हा प्रत्यय असल्याने आकड्याला जोडला जातो. ‘४०–४२’ मधला डॅश विस्ताराचा असल्यामुळे जागेविना राहतो, पण त्याच्या बाहेरचे दोन डॅश स्पष्टीकरणाचे असल्याने त्यांना जागा मिळते. अभंगात प्रत्येक उभी रेघ दंड होते, तिच्या आधी अरुंद न तुटणारी आणि नंतर साधी जागा येते, आणि शेवटी खरा जोडदंड बसतो.

```
गुरुजी म्हणाले, “हा अभंग इ. स. १९२०–२५च्या सुमाराचा असावा.” नंतर
त्यांनी वहीतली तीन पाने – ४०–४२ – उघडून तो वाचला.
सर आली ओली । माती सुगंधली ।
दारी सांज झाली । पावसाळी ॥१॥
```

दोनशे पानांचे हस्तलिखित असे ओळीओळीने दुरुस्त करणे शक्य नाही, आणि वर्डमधील शोधा-बदला या सोयीने बरेच काम होते. त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी दोन उभ्या रेघा आणि दोन सुटे दंड यांचे जोडदंड करावेत, मगच उरलेल्या एकेरी रेघेचा दंड करावा. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक जोडदंडाचे दोन सुटे दंड होतात आणि एक फेरी वाढते. त्यानंतर दंडाआधीची साधी जागा बदलावी. खाली प्रत्येक ओळीत आधी शोधायचे आणि बाणानंतर घालायचे असे दिले आहे. पहिल्या खुणेआधी एक मोकळी जागा असलेल्या ओळी जपून वाचाव्यात.

```
||    →  ॥
।।    →  ॥
|     →  ।
 ।    →  ^s।
 ॥    →  ^s॥
 –    →  ^s–
```

यातील ^s म्हणजे न तुटणारी जागा. शेवटची ओळ स्पष्टीकरणाच्या डॅशसाठी आहे, पण हस्तलिखितात त्या जागी बहुधा हायफनच टंकित झालेला असतो, आणि प्रत्येक हायफन आंधळेपणाने बदलला तर ‘आई-वडील’ही बदलतील, म्हणून आधी दोन्हीकडे जागा असलेला हायफनच शोधून, एकेक पाहून बदलावा. अवतरणांसाठी आपोआप वळण देणारी सोय चालू ठेवून सरळ चिन्हाच्या जागी तेच सरळ चिन्ह घालण्याचा आदेश दिला की वर्ड प्रत्येकाला दिशा लावतो. हा आदेश जागांची दुरुस्ती झाल्यानंतरच द्यावा. संगणकीय आज्ञा किंवा कोड असलेल्या पुस्तकात तो सरसकट देऊ नये, कारण तिथे सरळ चिन्हच बरोबर असते.

काम नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी Ctrl+Shift+8 दाबून अदृश्य खुणा दाखवाव्यात. साधी जागा मधल्या बारीक टिंबासारखी दिसते आणि न तुटणारी जागा लहान पोकळ वर्तुळासारखी. दंडाआधी टिंब दिसले की तिथे काम राहिले आहे. त्यानंतर पानाची रुंदी तात्पुरती निम्मी करावी. रुंद पानावर लपलेली प्रत्येक चुकीची जागा अरुंद पानावर ओळ तोडून दाखवते, आणि डाव्या कडेवरून नजर खाली नेली की दंड, डॅश, प्रश्नचिन्ह किंवा सुटलेला प्रत्यय कुठे ओळीच्या आरंभी आला आहे ते लगेच सापडते.